स्टिकरखालचा स्टिकर

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्या डब्यांवरचे ओरखडे मी पाडलेले नव्हते. आमच्या नात्यातल्या काही जणांचा आणि त्या भांडीवाल्याचा अजूनही असा दावा आहे की मी तारेच्या घासणीने स्टिकर खरवडले, डबे खराब केले आणि मग उगाच भांडायला गेले. ज्यांनी मला कधी भांडी घासताना पाहिलं आहे त्यांना यावर हसू येईल. पण सगळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

नानांच्या सहस्रचंद्रदर्शनाला येणाऱ्यांना प्रत्येकी एक स्टीलचा डबा आणि काचेच्या बरणीत आईंच्या हातचं मेतकूट द्यायचं ठरलं होतं. डबे पेठेतल्या मोठ्या दुकानातून घेतले. नानांचं नाव आणि तारीख दुकानदारच फुकट घालून देणार होता, आणि नाव घालूनच डबे घरी आले. बरण्यांचं मात्र दोन प्रकारचं गणित होतं. काही बरण्या घरात साठवलेल्या, म्हणजे जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या. काही त्याच दुकानातून आणलेल्या, प्लॅस्टिकच्या पारदर्शक झाकणांच्या. काच, स्टील आणि प्लॅस्टिक तिन्ही एकदमच माझ्या ओट्यावर आले, आणि तिन्हींवरही स्टिकर.

डब्यावरचा स्टिकर झाकणावर नाही, पोटावर, अगदी नावाच्या शेजारी होता. स्टिकरसकट भेट देणारे लोक मी पाहिलेत. किमतीवर काळं पेन फिरवून देणारेही पाहिलेत. आमच्याकडे ते चालत नाही. तर मी बसले काढायला.

स्टिकर काढताना लोक जो पहिला उद्योग करतात तो म्हणजे नखाने कोपरा उचलून ओढायचं. कागदी स्टिकर असा ओढला की वरचा गुळगुळीत थर हातात येतो आणि खाली पांढरा लवदार कागद आणि चिकटा तसाच राहतो. मग तो भिजवा, मग खरवडा, मग चिडा. खरं तर कागद आणि त्याखालचा गम हे दोन वेगळे शत्रू आहेत. कागदाला पाणी पुरतं. गमला पाणी पुरत नाही, त्याला ऊब लागते किंवा तेल लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम होतं.

स्टीलच्या डब्याला ऊब देणं सगळ्यात सोपं, कारण पत्रा पातळ असतो. उकळीच्या जरा खालचं पाणी डब्यात स्टिकरच्या उंचीच्या वरपर्यंत ओतायचं आणि दोनेक मिनिटं थांबायचं. बाहेरून हात लावला तर चटका बसेल, पण क्षणभर बोट टेकवता येईल, इतपत गरम हवं. मग एक कोपरा नखाने सोडवायचा आणि स्टिकर स्वतःवरच दुमडून, पत्र्याला जवळजवळ समांतर, अगदी सावकाश ओढत जायचं. घाई केली की कागद फाटतो. गंमत अशी की फार गरम झालं तरी फसतं. गम पातळ होऊन मधूनच तुटतो, अर्धा स्टिकरला आणि अर्धा डब्याला, आणि च्युइंगमसारखे दोरे निघतात. तसं दिसलं तर थांबायचं, डबा थोडा निवू द्यायचा आणि पुन्हा सुरुवात करायची. डबा गॅसवर ठेवून तापवायचा सल्ला मला एका शेजारणीने दिला. रिकामा स्टीलचा डबा आचेवर धरला तर त्यावर पिवळे-निळे डाग उठतात आणि ते साबणाने जात नाहीत. दुहेरी भिंतीचे, गरम ठेवणारे डबे तर आचेजवळ न्यायचेच नाहीत. त्यांच्या आत गरम पाणी ओतूनही उपयोग नसतो, कारण आतली ऊब बाहेर येऊ नये म्हणूनच ते बनवलेले असतात. त्यांच्यासाठी हेअर ड्रायर मंद वाऱ्यावर, चार बोटं लांब धरून.

एवढं करूनही काही डब्यांवर चिकटा राहिलाच. तिथे तेल. आमच्याकडे खोबरेल हाताशी होतं, पण डिसेंबरची सकाळ होती आणि बाटलीत ते गोठून बसलेलं. कोणतंही खायचं तेल चालतं, म्हणून शेंगदाण्याचं घेतलं. इथे एकच पथ्य: डबा आधी कोरडा करायचा. ओल्या चिकट्यावर तेल बसत नाही, नुसतं घरंगळतं. कोरड्या चिकट्यावर बोटाने जाडसर तेल लावायचं आणि विसरून जायचं. ताजा गम असेल तर अर्ध्या तासात फुगतो, पत्रा सोडतो आणि बोटाने चोळलं की त्याच्या वळ्या निघतात. जुना असेल तर रात्रभर ठेवावं लागतं. मग जुन्या सुती साडीच्या फडक्याने पुसून घ्यायचं. धुताना आधी पाणी नाही, आधी भांड्यांचं लिक्विड थेट तेलावर चोळायचं आणि मग गरम पाणी. उलटं केलं तर तेलाचा पातळ थर राहतो, पुढे त्याला खवट वास येतो आणि त्यावर धूळ बसून पुन्हा चिकट लागतं. नावाच्या अक्षरांच्या खाचेत गम अडकला असेल तर तिथे तेल लावून मऊ टूथब्रश फिरवायचा. टूथपेस्ट नाही. टूथपेस्टने स्टिकर निघतो असं सांगणारे बरेच भेटतात. तिच्यात घासणारी भुकटी असते आणि चकचकीत पॉलिशच्या डब्यावर ती धुरकट डाग पाडते. व्हिनेगरचंही तेच कौतुक. व्हिनेगरने कागद भिजतो, तो पाण्यानेही भिजतो. गमला त्याचं काही वाटत नाही.

आता मुद्द्यावर येते.

पहिले काही डबे असे काढले आणि तिथे स्टीलवर एक निस्तेज चौकोन दिसायला लागला. मला वाटलं, चिकट्याचा पातळ थर राहिलाय. हे ओळखायची एक खूण आहे. ती जागा पाण्याने ओली करून दोन-तीन मिनिटं ठेवायची. कागदी लेबलांचा गम बहुतेक वेळा पाण्यात दुधाळ पांढरा होतो आणि वाळला की पुन्हा दिसेनासा होतो. पांढरं झालं तर गम आहे, पुन्हा तेल लावा. इथे पांढरं झालं नाही. मग नख फिरवलं. नख अडकलं. बारीक ओरखडे होते, अर्धवर्तुळाकार, एकावर एक, कुणीतरी हात गोल फिरवत खरवडल्यासारखे.

धाकटी जाऊ शेजारी उभी होती. ती लगेच म्हणाली, "वहिनी, तुम्ही जोरात घासलंत का?" फडकं माझ्या हातात, तेल माझ्या हातात, आणि हा प्रश्न. मी काही बोलले नाही. पुढचा डबा घेतला, ज्याला अजून हातच लागला नव्हता. उजेडात खिडकीशी धरला. स्टिकरभोवतीचा पत्रा आरशासारखा. मग पाणी ओतून स्टिकर अगदी हळू सोडवला आणि तो अख्खा, न फाटता निघाला. खाली तेच अर्धवर्तुळाकार ओरखडे. आणि ओरखड्यांच्या मध्ये, निघालेल्या स्टिकरपेक्षा लहान, पिवळट तपकिरी रंगाचा आणखी एक चौकोन. कडक, वाळलेला, जुन्या गमचा.

मला तो क्षण नीट आठवतो, कारण त्या क्षणी मला राग यायच्या आधी बरं वाटलं. ते ओरखडे स्टिकरच्या हद्दीत होते. कडेला येऊन थांबत होते. मी घासलं असतं तर माझा हात बरोबर स्टिकरच्या कडेपाशी कसा थांबला असता? डब्यावर आधी एक जुना स्टिकर होता. तो दुकानात कुणीतरी पातीने किंवा तारेने खरवडला, पूर्ण निघाला नाही, ओरखडे पडले, आणि ते सगळं झाकायला वर थोडा मोठा, नव्या किमतीचा स्टिकर चिकटवला. नवा गम मऊ आणि पारदर्शक, जुना पिवळा आणि ठिसूळ. गम जुना होत जातो तसा पिवळा पडतो आणि कडक होतो, त्यामुळे दोन्ही एकाच दिवशी लागलेले असणं शक्यच नव्हतं. जावेला दाखवलं. ती "हो का" म्हणाली आणि चहा ठेवायला गेली. माफी वगैरे काही नाही. असो.

तुम्हालाही कधी असा डबा मिळाला तर जुन्या कडक गमचं असं करा. त्याला तेल फारसं भिनत नाही. रात्रभर ठेवूनही कडा तेवढ्या सुटतात. तिथे स्पिरिट लागतं. औषधांच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट चालतं. हातांना लावायचं जेलसारखं सॅनिटायझर असेल तर आणखी बरं, कारण ते घट्ट असल्यामुळे उभ्या पत्र्यावरही जागेवर राहतं. कापसाचा बोळा भिजवून गमवर पाच-दहा मिनिटं दाबून ठेवायचा, सुकत आला तर पुन्हा भिजवायचा, मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने गम ढकलायचा. कार्ड प्लॅस्टिकचं असतं, ते स्टीलला ओरखडत नाही. ब्लेड, सुरी, उलथनं यातलं काहीही स्टीलवर नाही. स्पिरिटनेही नाही निघालं तर नेलपॉलिश रिमूव्हर, पण तो फक्त स्टीलवर आणि काचेवर, खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून. रॉकेल आणि पेट्रोल स्वयंपाकघरात आणूच नका. नंतर डबा साबणाने दोनदा धुवायचा. डबा मॅट फिनिशचा असेल तर त्यावर बारीक उभ्या किंवा आडव्या रेघा असतात, पुसताना त्या रेघांच्या दिशेनेच पुसायचं. गोल फिरवलं की ठसा राहतो. लोखंडी तारेच्या घासणीचा आणखी एक तोटा असा की तिचे बारीक कण स्टीलवर राहतात आणि नंतर तेच गंजून तपकिरी ठिपके दिसतात. मग लोक म्हणतात, स्टील हलकं निघालं. ब्लीचही नको. त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

उरलेल्या डब्यांना मी हात लावला नाही. ते तसेच पिशवीत भरले आणि दुकानात गेले.

दुकानदाराने आधी बसायला खुर्ची दिली, थंड पाणी मागवलं. ओरखडे पाहिले आणि म्हणाला, "काकू, तारेच्या घासणीने घासलंत ना? सगळे असंच करतात." मी सांगितलं की मी नाही घासलं. तो हसला. त्या हसण्यात इतका समजूतदारपणा होता की मला अजूनही ते आठवलं की डोकं फिरतं. मग तो म्हणाला, कंपनीतूनच कधी कधी असा माल येतो. मग म्हणाला, घरी नेल्यानंतर काय झालं ते आम्हाला कसं कळणार? आणि शेवटी हुकमी पान: नाव घातलेला माल परत होत नाही.

मी शेजारच्या चहावाल्याकडून गरम पाण्याची किटली मागवली. पैसे मीच दिले. दुकानाच्या काउंटरवर, त्याच्याच पिशवीतल्या, त्याच्याच पोराने नाव घातलेल्या, स्टिकर तसाच असलेल्या डब्यात पाणी ओतलं. तोवर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, एक बाई कुकर घ्यायला आलेल्या. दोन मिनिटं थांबले आणि त्यांच्या देखत स्टिकर सोडवला. खाली ओरखडे, पिवळा चौकोन, सगळं जसंच्या तसं. कुकरवाल्या बाई म्हणाल्या, "अगंबाई." दुकानदार मोबाईल पाहायला लागला.

मी दुसऱ्या डब्याला हात घातला तेव्हा त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "एवढं कोण बघतं, काकू? भेट द्यायचेत ना?"

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही. भेट द्यायचे होते म्हणून तर बघत होते.

शेवटी तो एवढंच म्हणाला की डबे ठेवून जा, बफ मारून देतो. बफ म्हणजे फिरत्या चाकावर पॉलिश. त्याने हलके ओरखडे जातात हे खरं, पण नाव घातलेल्या जागेवर बफ मारला की अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि नाव पुसट दिसतं. ओरखडे नावाला लागूनच होते. मी नाही म्हटलं. त्याने पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. पुढची खरेदी म्हणे! किमतीचा विषय काढला तर, "हा सुटा माल आहे, पॅकिंगचा नियम याला नाही." पॅकबंद मालावर छापलेली किंमत वाढवायला वरून स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी करणारा लावता येतो, पण त्यानेही मूळ किंमत झाकायची नसते. हे २०११ च्या नियमांत आहे. माझे डबे खोक्यात बंद नव्हते हे खरं, त्यामुळे त्या मुद्द्यावर मी अडकले. तुमची वस्तू खोक्यात किंवा पाकिटात असेल आणि किमतीवर किंमत चिकटवलेली असेल, तर अडकायचं कारण नाही. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पावती जपून ठेवा, हे काही मी सांगायला नको.

बरण्यांचं सांगते. काचेचं काम स्टीलपेक्षा सोपं आहे, कारण काच घासायला कणखर असते, आणि अवघडही, कारण ती तडकते. घरच्या बरण्यांची लेबलं दोन जातींची निघाली. कोपऱ्यात ओरखडा काढून पाहिला की कळतं. पांढरा तंतू निघाला तर कागद, ताणला जाऊन सोलला गेला तर प्लॅस्टिकची फिल्म. कागदी लेबलाच्या बरण्या कोमट पाण्याच्या बादलीत रात्रभर ठेवल्या. काहींची लेबलं सकाळी आपोआप तरंगत होती, कारण तिथे पाण्यात विरघळणारा डिंक वापरलेला असतो. फिल्मवाल्या बरण्या मात्र कितीही भिजवा, पाणी फिल्मच्या आत शिरतच नाही. त्यांना आतून ऊब द्यायची. आधी कोमट पाणी, ते ओतून जरा जास्त गरम, आणि मग गरम. फ्रिजमधून काढलेल्या किंवा थंडीत गार पडलेल्या बरणीत एकदम उकळतं पाणी ओतलं तर तळ गोल कापल्यासारखा सुटतो. जॅमच्या बरण्यांची काच प्रयोगशाळेतल्या काचेसारखी नसते. गरम बरणी गार ओट्यावरही ठेवायची नाही, खाली फडकं घालायचं.

उरलेल्या चिकट्याला एक चमचा खाण्याचा सोडा आणि एक चमचा तेल असा लेप. अर्धा तास ठेवून फडक्याने चोळायचा. सोड्याचे कण काचेपेक्षा बरेच मऊ असतात, त्यामुळे काचेला ओरखडा पडत नाही. चकचकीत स्टीलवर आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर मात्र हा लेप चोळू नका. काचेवर ब्लेडही चालतं, पण काच साबणाच्या पाण्याने ओली असताना आणि ब्लेड जवळजवळ आडवं धरून. बरणीवर रंगीत छपाई असेल तर तेही नाही. बरण्यांच्या पत्र्याच्या झाकणांना आतून मऊ कडी असते, तिला तेल लागू देऊ नका.

आता त्या दुकानातून आणलेल्या बरण्यांची झाकणं. हा दुसरा घाव.

झाकणं पारदर्शक, कडक प्लॅस्टिकची. त्यातल्या कित्येकांच्या मधोमध पांढुरका ढग होता. मी समजले धूळ. पुसलं, गेला नाही. तिरकं धरून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. नाकाशी नेलं तेव्हा कळलं. आईंना तर बरणी उघडताच कळलं होतं. "मेतकुटाला रंगाच्या दुकानाचा वास येतोय," त्या म्हणाल्या. झाकणावरचे जुने स्टिकर दुकानातल्या पोराने थिनरने पुसलेले होते. गम निघाला, पण थिनरने प्लॅस्टिकच खाल्लं. मेतकूट टाकून दिलं. डाळी भाजण्यापासून पुन्हा सगळं.

प्लॅस्टिक म्हणजे एकच वस्तू असं समजू नका. झाकणाच्या आतल्या बाजूला त्रिकोणात आकडा असतो. २, ४ आणि ५ हे मेणचट, किंचित लवचिक प्लॅस्टिक. डब्यांची रंगीत, दुधाळ झाकणं बहुधा याचीच. त्यांना तेल, साबण आणि थोडं स्पिरिट सहज सोसतं. ६ म्हणजे कडक, काचेसारखं पारदर्शक, टिचकी मारली की टणटण वाजणारं. त्याला थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर लावला की ते पांढरं पडतं किंवा चक्क विरघळतं. निलगिरीचं आणि संत्र्याच्या सालीचं तेल गमवर उत्तम चालतं म्हणून सांगतात, आणि स्टील-काचेवर चालतंही, पण ६ वर तेही नको. ७ मध्ये बरीच प्लॅस्टिकं येतात, त्यांचा भरवसा धरू नका. आकडाच नसेल तर ते ६ समजून वागा.

मग अशा झाकणाला काय करायचं? फार काही करायचं नाही. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, उकळत्या नाही, नाहीतर झाकण वाकडं होऊन बरणीवर बसत नाही. स्टिकर सोलायचा, कोरडं करायचं, खायचं तेल लावून तासभर ठेवायचं, बोटाने वळ्या काढायच्या. शेवटचा बारीक चिकटा काढायला चिकटपट्टीचा तुकडा वापरा. तो जागेवर दाबायचा आणि झटकन उचलायचा, पुन्हा पुन्हा. गमला गम चिकटून वर येतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पारदर्शक झाकणासाठी याहून निर्धोक काही मला अजून सापडलेलं नाही. झाकणाला सिलिकॉनची किंवा रबराची कडी असेल तर ती आधी काढून ठेवा. घासणीची हिरवी बाजू कुठल्याच झाकणाला लावू नका.

थिनरने पांढरं पडलेलं झाकण पुन्हा पारदर्शक होत नाही. भेगा प्लॅस्टिकच्या आत असतात, त्या पुसल्या जात नाहीत. दुकानदाराने झाकणं बदलून दिली नाहीत. बरण्यांवर तर नावही घातलेलं नव्हतं, तिथे तो म्हणाला, "झाकणं वेगळी मिळत नाहीत." शेवटी मी दुसऱ्या दुकानातून वेगळी झाकणं आणली, रंग जुळला नाही, समारंभ पार पडला. नानांनी डबा हातात घेतला, नाव वाचलं, ओरखड्यांकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. जाऊ म्हणाली, बघा, कुणाला दिसलंसुद्धा नाही. मला दिसत होते. अजून एक डबा माझ्या मांडणीवर आहे, तो चौकोन सकाळच्या उन्हात चकाकतो.

तेव्हा भांडी घ्यायला गेलात तर नाव घालायला देण्यापूर्वी त्यातल्या दोन-तीन डब्यांवरचे स्टिकर दुकानातच काढून घ्या. शक्य असेल तर वरचा नाही, थप्पीच्या मधला डबा निवडा. स्टिकरच्या कडेला बोट फिरवा. खाली दुसरी कड लागली, किंवा स्टिकर मध्येच उंचवटा घेऊन बसलेला वाटला, तर खाली आणखी एक आहे. झाकण नाकाशी न्या. दुकानदार म्हणेल, काकू, असं कुणी करत नाही. करा. आणि त्याने स्टिकर काढून दाखवायला नकार दिला, तर पैसे पर्समध्येच राहू द्या आणि पुढचं दुकान गाठा.